रागात लिहिलेला मसुदा पाळीसमोर बोलण्याजोगा कसा करावा: नव्या सुपरवायझरसाठी

मशीन शॉपमध्ये काही वर्षे काढल्यावर एखाद्याला पाळीचा सुपरवायझर केले जाते, तेव्हा उत्पादनाचा हिशेब, रजेचे अर्ज, मशीनचे सेटिंग हे सारे त्याला कुणीतरी शिकवते. माल बिघडल्यावर पंधरा-वीस माणसांसमोर उभे राहून काय बोलायचे, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. चाकण, भोसरी, वाळूज अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी सुरू होताना पाच-दहा मिनिटांची उभ्या-उभ्या बैठक होते आणि नव्या सुपरवायझरची खरी परीक्षा तिथेच होते. त्याने आदल्या रात्री जे लिहून आणलेले असते त्यात राग असतो, तो तसाच बोलला गेला की माणसे खाली बघत ऐकून घेतात, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते.

असा मसुदा सौम्य कसा करावा, ते मी येथे पायरीपायरीने मांडतो. सौम्य करणे म्हणजे गोड करणे नव्हे. चूक जितकी मोठी आहे तितकीच ती ऐकणाऱ्याला दिसली पाहिजे. बदलायचा असतो तो माणसांवर दिलेला निकाल. संपूर्ण लेखात मी एकच प्रकरण शेवटपर्यंत नेतो, म्हणजे प्रत्येक पायरीवर मसुद्याचे काय होते ते तुम्हाला प्रत्यक्ष दिसेल.

प्रकरण आणि कच्चा मसुदा

सीएनसी लेथवर एका बुशचा बोअर काढला जातो. मापाची हद्द ३२.००० ते ३२.०२५ मिलीमीटर आहे. नियम असा आहे की इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब मोजायचा आणि पुढे प्रत्येक दहावा जॉब मोजून शीटवर आकडा लिहायचा. रात्रपाळीत तीन वाजून दहा मिनिटांनी इन्सर्ट बदलला गेला. त्यानंतरच्या सुमारे सव्वादोन तासांत ४६ जॉब निघाले आणि पहाटे क्वालिटीच्या माणसाने तपासले तेव्हा सर्वांचा बोअर ३२.०४ च्या आसपास भरला. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा मशीनवर लावून दुरुस्त करता आला असता. मोठा झालेला बोअर दुरुस्त होत नाही, म्हणून सगळे ४६ जॉब स्क्रॅपमध्ये गेले. शीटवर मात्र तीन दहानंतर पाच आकडे लिहिलेले होते आणि पाचही आकडे ३२.०१२ असे होते.

त्यावर सुपरवायझरने दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी लिहिले ते असे:

> "काल रात्री तुमच्या पाळीत ४६ जॉब स्क्रॅप झाले. कितीदा सांगायचं तुम्हाला? इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब मोजायचा, एवढी साधी गोष्टसुद्धा तुमच्याकडून होत नाही. शीटवर आकडे मात्र छान भरलेत, म्हणजे बसल्या जागी भरलेत हे कुणालाही कळतं. कंपनीचा माल तुम्हाला फुकटचा वाटतो. दुसऱ्या पाळीत असं कधीच होत नाही, तुमच्याच पाळीत कसं होतं? यापुढे असं झालं तर पगारातून कापून घेईन. आहे कुणाला काही बोलायचं?"

जवळ काय असावे

- कच्चा मसुदा, शक्यतो कागदावर, दोन ओळींत जागा सोडून लिहिलेला.
- त्या दिवसाची तपासणी शीट किंवा तिची प्रत.
- बिघडलेला एक जॉब आणि तो ज्याने तपासला जातो ते गेज.
- दोन रंगांची पेने.
- आवाज रेकॉर्ड करता येईल असा फोन.
- पाळीबाहेरचा एक भरवशाचा माणूस, जो पाच मिनिटे ऐकून घेईल.

१. कच्चा मसुदा पूर्ण लिहा आणि तो कुणालाही दाखवू नका

लिहितानाच सौम्य करण्याचा प्रयत्न करू नका. राग अर्धवट दाबून लिहिलेल्या मसुद्यात तो टोमण्यांच्या रूपाने शिल्लक राहतो आणि टोमणे ओळखून काढणे हे उघड रागाचे वाक्य काढण्यापेक्षा कठीण असते. वरच्या मसुद्यात सगळा राग उघड आहे, म्हणून त्यावर काम करणे सोपे जाते.

येथे एक मोठा धोका आहे. हा मजकूर पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा मोह फार होतो, कारण बैठकीला अजून बारा तास असतात आणि राग ताजा असतो. ग्रुपवर गेलेला मजकूर रात्रपाळी करून झोपलेला माणूस उठल्याबरोबर वाचतो, घरच्यांनाही दाखवतो, आणि तुम्ही संध्याकाळी कितीही नीट बोललात तरी त्याच्या कानात सकाळचेच शब्द राहतात. म्हणून मसुदा फोनमध्ये लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. पाहिलेले आणि ठरवलेले वेगळे करा

आता दोन पेने घ्या. ज्या गोष्टी मोजलेल्या आहेत, शीटवर आहेत किंवा तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्याखाली एका रंगाने रेघ ओढा. ज्या गोष्टी तुम्ही त्यावरून ठरवल्या आहेत, त्यांच्याखाली दुसऱ्या रंगाने ओढा.

वरच्या मसुद्यात पहिल्या रंगाची रेघ फक्त दोन ठिकाणी येते: ४६ जॉब स्क्रॅप झाले, आणि शीटवर आकडे भरलेले आहेत. बाकी सर्व दुसऱ्या रंगात जाते. 'साधी गोष्ट होत नाही', 'बसल्या जागी भरलेत', 'माल फुकटचा वाटतो' ही तिन्ही अनुमाने आहेत. त्यांतले एखादे खरेही असेल, पण तुम्ही ते पाहिलेले नाही. 'दुसऱ्या पाळीत कधीच होत नाही' हे तर शीटच्या जुन्या फाइलमधून दोन मिनिटांत तपासता येण्यासारखे आहे आणि बहुतेक वेळा ते टिकत नाही. समोरच्या पंधरा माणसांपैकी एकाला जरी दुसऱ्या पाळीतला एखादा बिघाड आठवला, तरी तुमचे उरलेले सगळे बोलणे त्याच्या दृष्टीने पक्षपाती ठरते.

पगारातून कापण्याच्या वाक्याबद्दल वेगळे सांगायला हवे. नुकसानीपोटी वेतनातून कपात करायची असेल, तर कायद्याने त्या कामगाराला आधी आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि हा निर्णय सुपरवायझरने बैठकीत उभ्या-उभ्या घेण्याचा नसतो. जी धमकी तुम्ही अमलात आणू शकत नाही ती सर्वांना कळते, म्हणून हे वाक्य सौम्य न करता पूर्ण खोडून टाका.

३. अनुमाने मशीनपाशी जाऊन तपासा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. मसुद्यातला कठोरपणा शब्द बदलून जितका कमी होतो, त्याहून कितीतरी अधिक खरे कारण कळल्यावर कमी होतो, आणि तो आपोआप होतो.

या प्रकरणात दोन प्रश्न विचारायचे आहेत: बोअर मोठा का झाला, आणि मोजला का नाही? पहिल्याचे उत्तर ऑफसेटच्या पानावर मिळते. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो, म्हणून ऑपरेटर अधूनमधून ऑफसेटमध्ये थोडी-थोडी भर घालतो. येथे अशी भर साठत साठत तीस मायक्रॉनपर्यंत गेली होती. नवा इन्सर्ट बसवला तेव्हा ती काढून टाकायला हवी होती. ती तशीच राहिली, आणि ३२.०१२ ऐवजी बोअर ३२.०४ वर गेला. म्हणजे एकच नोंद चुकली आणि पुढचा प्रत्येक जॉब त्याच चुकीने बिघडला. निष्काळजीपणे एकामागून एक ४६ चुका झाल्या, असे चित्र जे मसुद्यातून उभे राहते, ते प्रत्यक्षात घडलेले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऑपरेटरला आणि स्टोअरवाल्याला विचारून मिळते. बोअर मोजण्याचे डायल गेज आणि नो-गो गेज रात्री क्वालिटीच्या कपाटात ठेवले जात होते आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या माणसाबरोबर जात होती. गेज नसताना मशीन थांबवावे की चालू ठेवावे, हे कुणी कधी सांगितलेले नव्हते.

विचारतानाही शब्द जपावे लागतात. "गेज का नाही वापरलं?" असे विचारले की माणूस कारणे देऊ लागतो. "रात्री इन्सर्ट बदलल्यावर गेज कुठून आणता?" असे विचारले की तो वाट दाखवतो, कधी कधी तर खरोखरच चालत जाऊन कपाट दाखवतो. 'का' हा प्रश्न जाब मागतो. 'कुठून', 'कसे', 'त्यानंतर काय' हे प्रश्न माहिती मागतात.

मशीनपाशी जाऊनही कारण सापडले नाही, तर बैठकीत तसेच सांगा. न सापडलेले कारण भरून काढण्यासाठी स्वभावाचे कारण पुढे करू नका. कठोर मसुदे बहुधा तिथेच जन्म घेतात.

४. सर्वांसमोरचे आणि एकट्याशी बोलायचे वेगळे करा

शीटवर पाच वेळा लिहिलेले ३२.०१२ हे या प्रकरणातले सर्वांत गंभीर आहे. ते पाळीसमोर काढायचे नाही. त्या मशीनवर त्या रात्री कोण होते हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे नाव न घेता बोलले तरी ते नाव घेतल्यासारखेच होते. उलट नाव न घेतल्याने त्या माणसाला उत्तर देण्याची सोयसुद्धा उरत नाही.

त्याच्याशी बैठकीच्या आधी, दार लावून, शीट समोर ठेवून बोला. वाक्य एवढेच पुरते: "तीन दहानंतर पाच आकडे एकसारखे आहेत आणि जॉबचा बोअर मोजला तर ३२.०४ च्या आसपास आहे. हे आकडे कसे लिहिले गेले, ते मला समजून घ्यायचं आहे." त्यानंतर गप्प राहा. शांतता लांबली की आपण स्वतःच बोलून ती भरून काढतो, आणि त्याच्या वतीने कारणही देऊन टाकतो, ते टाळा. 'काही होणार नाही' असे आश्वासनही देऊ नका, कारण पुढचा निर्णय तुमच्या एकट्याच्या हातात नसेल.

पाळीसमोर या विषयावर फक्त पुढचा नियम सांगायचा: मोजले नसेल तर रकाना रिकामा ठेवा. तो सर्वांना लागू आहे आणि त्यात कुणावर आरोप नाही.

५. वाक्ये बदला, पण चूक पुसू नका

आता उरलेल्या मजकुरावर ओळीओळीने हात फिरवायचा. आधी डंख असलेले छोटे शब्द शोधा. मराठीत माणसाला लागते ते बहुधा मोठ्या शब्दाने नव्हे, तर वाक्यात मध्येच बसलेल्या एखाद्या अक्षराने. 'तुमच्याच पाळीत' मधला 'च', 'साधी गोष्टसुद्धा' मधला 'सुद्धा', 'आकडे मात्र छान भरलेत' मधला 'मात्र', 'एवढं तरी' मधला 'तरी'. हे शब्द खोडून वाक्य पुन्हा वाचा. माहिती तितकीच राहते. 'नेहमी', 'कधीच', 'कितीदा' हे शब्द त्यांच्याबरोबरच जातात. त्यांच्या जागी दिवस, वेळ आणि आकडा लिहा.

नंतर क्रियापदांकडे वळा. 'तुम्ही पहिला जॉब मोजला नाही' या वाक्यात ऐकणाऱ्याचे लक्ष 'तुम्ही'वर अडकते. मराठीत कर्ता गाळून 'पहिला जॉब मोजला नाही' असे सहज म्हणता येते. चूक तितकीच स्पष्ट राहते आणि बोट कुणाकडे जात नाही. पण याच्या पुढची पायरी गाठून 'मोजमापात काही त्रुटी राहून गेलेल्या दिसतात' असे लिहू नका. ते कानाला परिपत्रकासारखे लागते आणि नेमके काय झाले नाही हेच त्यातून हरवते.

'आपण' हा शब्दही सावधपणे वापरा. 'आपण सगळ्यांनी काळजी घ्यायला हवी' असे म्हटले की ज्याने गेल्या महिनाभर न चुकता पहिला जॉब मोजला, तोही दोषी ठरतो आणि ज्याने मोजला नाही तो गर्दीत मिसळून जातो. जी सोय करणे तुमचे काम होते तिथे 'मी' म्हणा, जे काम त्यांचे आहे तिथे 'तुम्ही' म्हणा, आणि खरोखर मिळून करायच्या गोष्टीसाठीच 'आपण' राखून ठेवा.

नवे सुपरवायझर आणखी एका ठिकाणी घसरतात. कठोरपणा काढून टाकल्यावर रिकामी झालेली जागा ते कौतुकाने भरतात: "तुम्ही सगळे खूप मेहनत घेता, पण..." पहिल्या दोन बैठकांनंतर पाळीला हे कळते आणि मग कौतुक सुरू झाले की माणसे 'पण'ची वाट पाहू लागतात. कौतुक करण्यासारखे काही असेल तर ते दुसऱ्या दिवशी, स्वतंत्रपणे करा.

शेवटी मागणीचे वाक्य. 'थोडं लक्ष द्या', 'जमलं तर मोजत जा', 'शक्यतो' हे सौम्य वाटणारे शब्द मागणीच्या वाक्यात चालत नाहीत. 'जमलं तर' ऐकलेला माणूस रात्री तीन वाजता ते जमले नाही असे प्रामाणिकपणे ठरवतो. झालेल्या गोष्टीबद्दल बोलताना वाक्य मऊ असावे. यापुढे काय करायचे ते सांगताना ते सरळ आणि ठाम असावे.

६. कानासाठी क्रम लावा

वाचणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ते शक्य नसते. त्यामुळे कागदावर ठीक वाटणारा मसुदा बोलताना फसू शकतो. मी हा क्रम सुचवतो: आधी काय झाले, मग कसे झाले, मग माझ्याकडून काय बदलते आहे, मग तुमच्याकडून काय हवे, आणि अखेरीस प्रश्न. सुपरवायझरची स्वतःची बाजू मागणीच्या आधी आली पाहिजे. ती नंतर आली तर सारवासारव वाटते.

एका वाक्यात एकच आकडा ठेवा. 'बत्तीस पॉइंट शून्य चार' हे ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, 'हद्दीच्या पंधरा मायक्रॉन वर' हे राहते, आणि नो-गो गेज बोअरमध्ये सरळ आत जाताना दाखवले तर आकड्याचीही गरज उरत नाही. गेज हातात असण्याचा आणखी एक उपयोग होतो: बोलताना तुमची आणि त्यांची नजर जॉबवर राहते, एकमेकांच्या चेहऱ्यावर नाही.

या सर्व कामानंतर मसुदा असा होतो:

> "काल रात्री तीन नंबरच्या मशीनवर ४६ जॉबचा बोअर मोठा निघाला. सगळे स्क्रॅप झाले. हा त्यातला एक. नो-गो आत जातंय, बघा.
>
> तीन दहाला इन्सर्ट बदलला. ऑफसेटमध्ये जुनी भर तशीच राहिली. पहिला जॉब मोजला नाही. तो मोजला असता, तर एकच जॉब गेला असता.
>
> रात्री गेज कपाटात होतं आणि किल्ली इथे नव्हती. ती सोय करणं माझं काम आहे. आजपासून गेज तीन नंबरच्या मशीनशेजारी राहील.
>
> तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. इन्सर्ट बदलला की पहिला जॉब मोजायचा, आणि तो हद्दीत आल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. गेज मिळालं नाही, तर मशीन थांबवा आणि मला फोन करा. थांबलेल्या मशीनचा जाब मी देईन. दुसरी गोष्ट, शीटवर मोजलेलाच आकडा लिहा. मोजलं नसेल, तर रकाना रिकामा ठेवा.
>
> हे करताना रात्री अडचण कुठे येईल?"

कच्च्या मसुद्याशी हा ताडून पाहा. नुकसानीचा आकडा पहिल्याच वाक्यात आहे आणि 'पहिला जॉब मोजला नाही' हे वाक्यही जागेवर आहे. गेला आहे तो ऐकणाऱ्यांच्या स्वभावाबद्दलचा मजकूर. त्याच्या जागी ऑफसेट, किल्ली आणि मशीन थांबवण्याची परवानगी या तीन खऱ्या गोष्टी आल्या आहेत. 'थांबलेल्या मशीनचा जाब मी देईन' हे वाक्य मात्र आपल्या वरिष्ठांशी बोलून झाल्यावरच ठेवा. तशी परवानगी नसेल तर ते काढा, आणि गेज नसताना काय करायचे याचे दुसरे पक्के उत्तर घेऊन या.

शेवटच्या प्रश्नाकडेही लक्ष द्या. 'आहे कुणाला काही बोलायचं?' हे आव्हान आहे, त्याला उत्तर येत नाही. 'अडचण कुठे येईल?' यात अडचण असणार हे गृहीत धरलेले आहे, म्हणून ती सांगणे म्हणजे उलट बोलणे ठरत नाही.

७. मोठ्याने वाचा आणि ऐकवून तपासा

मसुदा मनात वाचून तपासता येत नाही. उभे राहून, बैठकीत बोलाल तेवढ्या आवाजात वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना तीन गोष्टी शोधा. ज्या वाक्यात मध्येच श्वास घ्यावा लागला ते वाक्य तोडा. ज्या शब्दावर आवाज अनावर चढला त्या शब्दात राग उरलेला आहे. तो कागदावर निरुपद्रवी दिसला तरी बदला. या मसुद्यात 'पहिला जॉब मोजला नाही' या वाक्यातला 'नाही' बहुतेकांच्या तोंडून ताणला जातो. तिथे शब्द बदलायची गरज नसते, पुढच्या वाक्यापूर्वी एक क्षण थांबले की तो ताण उतरतो. आणि जिथे लेखी मराठी तोंडात आली असेल, 'झालेले आहे', 'करण्यात यावे' अशी, तिथे रोजच्या बोलण्यातले रूप घाला.

मग तो मसुदा पाळीबाहेरच्या माणसाला एकदाच ऐकवा आणि त्याला विचारा: काय बिघडले, कशामुळे बिघडले, आणि उद्यापासून काय करायचे? तिन्हींची उत्तरे न अडखळता आली तर मसुदा तयार आहे. तिसरे उत्तर आले नाही तर तुम्ही प्रमाणाबाहेर सौम्य झाला आहात. आणि उत्तरांआधीच तो 'कुणावर एवढा भडकला आहेस?' असे म्हणाला, तर पाचव्या पायरीवर परत जा.

८. बैठकीची वेळ, जागा आणि भाषा

रात्रपाळी सुटताना हे बोलू नका. आठ तास जागलेला माणूस बसच्या वेळेकडे पाहत असतो आणि शेजारी दिवसपाळीची माणसे येऊन उभी असतात. त्यांच्यासमोर ऐकून घेणे हाच त्याला अपमान वाटतो, मग शब्द कोणतेही असोत. त्याच पाळीची पुढची बैठक सुरू होते तेव्हा बोला.

जागा कॉम्प्रेसर आणि चालू मशीनपासून दूर निवडा. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवला की सौम्य वाक्यही दरडावल्यासारखे ऐकू येते, कारण मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द कमी आणि सूर जास्त कळतो. माणसे अर्धवर्तुळात उभी करा आणि स्वतः त्याच पातळीवर उभे राहा.

संबोधनाबाबत एक नियम पाळा: बैठकीत सर्वांना 'तुम्ही'. एरवी तुम्ही वयाने मोठ्या ऑपरेटरला काका किंवा मामा म्हणत असाल आणि बरोबरच्या मुलांना अरे-तुरे करत असाल, तर ते मशीनपाशी ठीक आहे. चुकीबद्दल बोलताना एकाला 'तुम्ही' आणि दुसऱ्याला 'तू' म्हटले, की दोष कुणाचा हे तुम्ही ठरवून टाकल्यासारखे होते.

पाळीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली माणसे असतात, त्यांच्यासाठी हिंदीत पुन्हा बोलावे लागते, आणि इथे बहुतेक मसुदे फसतात. मराठी भाग जपून लिहिलेला असतो आणि हिंदी भाग तिथल्या तिथे सुचेल तसा बोलला जातो. त्यात 'तुम लोग' येते, 'कितनी बार बोला' येते, आणि काढलेला सगळा राग परत येतो. हिंदी मजकूरही आधी लिहून आणा, 'आप लोग' असा लिहा, आणि दोन्ही मागण्या दोन्ही भाषांत सारख्याच शब्दांत ठेवा. मराठी माणसांना झुकते माप दिले असे कुणाला वाटता कामा नये.

९. कुणी उलट बोलले तर

'अडचण कुठे येईल?' असे विचारल्यावर कुणीतरी म्हणेल, "टार्गेट एवढं दिलंय, मोजायला वेळ कुठे आहे?" त्याचे उत्तर तयार ठेवा, पण लगेच देऊ नका. आधी त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत परत सांगा: "टार्गेटमुळे मोजायला वेळ मिळत नाही, असं तुमचं म्हणणं आहे." मग हिशेब मांडा. एका जॉबला तीन मिनिटे लागतात. ४६ जॉब गेले म्हणजे मशीनची सव्वादोन तासांहून अधिक मेहनत गेली. पहिला जॉब मोजायला आणि ऑफसेट नीट करायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. एवढे सांगून थांबा, टार्गेटचा प्रश्न लिहून घ्या, आणि उत्तर कधी देणार तो दिवस सांगा.

तुमच्या माहितीत नसलेली एखादी गोष्ट कुणी सांगितली, उदाहरणार्थ गेजचा डायल अडकतो, तर बैठकीतच वहीत लिहा आणि सर्वांच्या देखत लिहा. सौम्य शब्दांवर पाळीचा विश्वास बसतो तो अशा वेळी.

१०. पुढच्या आठवड्याची शीट

बैठकीनंतर सात दिवस तीन नंबरच्या मशीनची शीट रोज पाहा. इन्सर्ट बदलल्याची प्रत्येक नोंद आणि तिच्यापुढचा पहिला आकडा एवढेच तपासायचे आहे. आकड्यांत दोन-चार मायक्रॉनचा फरक दिसू लागला तर मोजणी खरोखर सुरू झाली आहे. खऱ्या मोजणीत आकडे थोडे मागेपुढे होतातच. रिकामा रकाना दिसला तर त्या माणसाला त्याच दिवशी भेटा, आधी रिकामा ठेवल्याबद्दल आभार माना आणि मग गेज मिळाले नव्हते का ते विचारा. पहिल्याच रिकाम्या रकान्यावर आवाज चढला, तर दुसऱ्या रात्री तिथे पुन्हा ३२.०१२ लिहिलेले सापडेल.